स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना भेटताना : आधी आपले नाव सांगावे

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्ध व्यक्तीला भेटायला आलेला माणूस बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरुवात करतो : ‘ओळखलंत का मला?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण जिची आठवण क्षीण झाली आहे, तिच्यासाठी ही घरच्या माणसांदेखत घेतलेली परीक्षा असते. ती ‘हो’ म्हणाली, की लगेच ‘मग नाव सांगा बघू’ असा पुढचा प्रश्न येतो. ‘नाही’ म्हणाली, तर समोरच्याचा चेहरा पडतो. गप्प राहिली, तर कोणीतरी हळहळून म्हणते, ‘आता यांना काही कळत नाही.’ कोणतेही उत्तर दिले तरी पदरी संकोचच येतो.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. हा आकडा सुमारे 88 लाखांवर जातो. त्यात अल्झायमरचे प्रमाण सर्वांत मोठे असते. या आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला बहुधा लवकर इजा होते. नवीन घटना साठवणे आणि साठवलेले हवे तेव्हा वर काढणे, ही दोन्ही कामे या भागावर अवलंबून असतात. त्यामुळे सकाळी कोण येऊन गेले ते दुपारी आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे शेजारी लख्ख आठवतात.

यातही नाव आठवणे सर्वांत अवघड जाते. ‘हा आपल्या माणसांपैकी आहे’ एवढे चेहरा किंवा आवाज ओळखीचा वाटून कळू शकते. नाव मात्र कोणत्याही आधाराशिवाय आठवावे लागते, कारण चेहऱ्यात ते सुचवणारे काहीच नसते. ‘मी कोण ते सांगा’ हा प्रश्न नेमकी हीच क्षमता मागतो. तेच नाव आपणहून सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते आठवावे लागत नाही, फक्त ओळखीचे वाटावे लागते. हे काम कितीतरी सोपे असते.

आठवण पुसली गेली तरी तिच्यासोबत आलेली भावना पुसली जातेच असे नाही. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी 1911 साली अशा एका रुग्ण स्त्रीची नोंद केली. ते तिला वारंवार भेटत, तरी दर वेळी ते तिला परकेच वाटत. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढच्या भेटीत तिला ते आठवत नव्हते आणि टाचणीही आठवत नव्हती, पण त्यांनी हात पुढे करताच तिने आपला मागे घेतला. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, पण त्यातून कळलेली गोष्ट खरी ठरली आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, पण त्यातून आलेले दुःख किंवा आनंद मागे रेंगाळत राहिला. भेटीचेही तसेच आहे. कोण आले होते ते विसरले जाईल, पण आपण चुकलो, आपली फजिती झाली, ही भावना तासभरही मनाला टोचत राहू शकते.

म्हणून भेटीची तयारी दाराबाहेरच सुरू व्हावी. घरच्यांना फोन करून झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा विचाराव्यात. अनेक रुग्णांची बेचैनी दिवस कलताना वाढते, त्यामुळे सकाळची वेळ बहुधा बरी पडते. चष्मा डोळ्यांवर आणि श्रवणयंत्र कानात आहे ना, ते घरच्यांनी बघावे. टीव्ही बंद करावा. पाचसहा जणांनी एकदम खोलीत शिरू नये, एकाने पुढे व्हावे. हेल्मेट, मास्क, गॉगल आधीच काढून ठेवावा.

एक उदाहरण घ्यावे. अल्झायमरच्या मधल्या टप्प्यातील मावशी खोलीत आरामखुर्चीवर बसल्या आहेत आणि भाचा सुधीर साताऱ्याहून त्यांना भेटायला आला आहे. त्याने पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवला तर त्या दचकतील, कारण या आजारात बाजूचे आणि खालचे दिसणे, त्याकडे लक्ष जाणे कमी होते. म्हणून त्याने समोरून यावे आणि साधारण सहा फुटांवर थांबावे. खिडकीकडे पाठ करून उभे राहिल्यास चेहरा काळोखात जातो, तेव्हा उजेड चेहऱ्यावर पडेल अशी जागा घ्यावी. मावशींची नजर त्याच्याकडे वळेपर्यंत पुढे पाऊल टाकू नये.

नजर मिळाली की हात जोडून, हसऱ्या चेहऱ्याने, शांत आवाजात म्हणावे : ‘मावशी, नमस्कार. मी सुधीर. तुझ्या शालूचा मुलगा. साताऱ्याहून तुला भेटायला आलोय.’ या चार छोट्या वाक्यांत नाव, नाते, गाव आणि येण्याचे कारण, सगळे येते. तिला विचारण्यासारखे काही उरत नाही आणि तिच्याकडून काही मागितलेही जात नाही. ‘शालू’ हे नाव मुद्दाम वापरलेले आहे. मावशी बहिणीला आयुष्यभर ज्या नावाने हाक मारत आल्या, तेच नाव त्यांच्या कानाला लवकर ओळखीचे वाटते. दोन वाक्यांमध्ये थोडे थांबावे आणि शेवटी मनात दहा अंक मोजावेत, कारण ऐकलेले समजायला आणि उत्तर जुळवायला त्यांना जास्त वेळ लागतो. मध्येच वाक्य बदलून पुन्हा सांगितले, तर त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आवाज चढवूनही उपयोग नसतो. ऐकू कमी येत असेल तर जवळ बसून खालच्या पट्टीत, सुटे शब्द बोलावेत.

हात जोडण्यालाही अर्थ आहे. अंगवळणी पडलेल्या कृतींची आठवण मेंदूत वेगळ्या मार्गाने टिकते आणि बराच काळ शाबूत राहते. समोरच्याने नमस्कार केला की अनेकदा यांचेही हात आपसूक जुळतात. समोरच्याचे नाव माहीत नसतानाही देता येते, असे ते उत्तर आहे. पाया पडायचे असेल तर मात्र आधी समोरून ‘नमस्कार करतो गं मावशी’ म्हणावे आणि मग सावकाश वाकावे. न सांगता कोणी एकदम पायाशी वाकले, तर त्या घाबरून पाय मागे घेऊ शकतात. आधी सांगून वाकल्यास पुष्कळदा हात डोक्यावर येतो आणि ‘सुखी राहा’ हे शब्दही ओठांवर येतात. त्यानंतर सुधीरने स्टुलावर, थोडे तिरके बसावे, म्हणजे नजर सारख्या उंचीवर येते आणि उठून जायची वाट मोकळी राहते. हात उघडा ठेवून पुढे करावा. तो धरायचा की नाही, ते मावशींनी ठरवावे.

पुढच्या बोलण्यातही ‘आठवतं का’ टाळावे. ‘सकाळी काय जेवलीस?’, ‘आज वार कोणता?’, ‘या फोटोत कोण आहे?’ हे प्रश्न साधे वाटतात, पण प्रत्येकाचे उत्तर स्मरणातूनच काढावे लागते. तारीख, वार, ठिकाण विचारणाऱ्या चाचण्यांची जागा डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे. तिथे त्यांचा उपयोग असतो, बैठकीत नसतो. प्रश्नाऐवजी आपण सांगत जावे : ‘घरच्या शेवग्याला यंदा भरपूर शेंगा आल्यात. चार तुझ्यासाठी आणल्यात.’ शेंगा हातात दिल्या की त्यांना वास येतो, स्पर्श कळतो. मावशी आमटीविषयी काही बोलतील, नाही तर नुसत्या शेंगा सोलू लागतील. दोन्ही चालेल. समोर असलेल्या गोष्टीविषयी मत विचारायला हरकत नाही. ‘चहा गोड झालाय का?’ याचे उत्तर जिभेवर असते, त्यासाठी स्मरणात शोधावे लागत नाही.

आता अवघड वळण. मावशी सुधीरकडे बघून म्हणाल्या, ‘बाळू, गाई बांधल्यास का?’ बाळू हा त्यांचा भाऊ, आणि गाई तर कधीच गेल्या. ‘अगं, मी बाळूमामा नाही, सुधीर!’ असे ठासून सांगितल्याने ओळख परत येत नाही, मावशी फक्त खजील होतात. उलट ‘हो, मीच बाळू’ असे नाटक करण्याचीही गरज नसते. ‘गाईंचा तुला फार लळा होता गं’ एवढे म्हटले की गोठ्याच्या गप्पा सुरू होतात. ‘हे अजून आले नाहीत’ असे दिवंगत पतीविषयी त्या म्हणाल्या, तर मृत्यूची बातमी नव्याने देऊ नये, कारण दर वेळी ते दुःख पहिल्यांदाच कळल्यासारखे होते. ‘काकांची वाट बघतेयस होय? त्यांना चहा तुझ्याच हातचा लागायचा’ असे म्हणून त्या ओढीला उत्तर द्यावे. पाच मिनिटांत पाचव्यांदा ‘कधी आलास?’ विचारले, तर पाचव्यांदाही पहिल्याच सुरात ‘आत्ताच आलो मावशी’ म्हणावे. ‘आत्ता सांगितलं ना!’ हे वाक्यही परीक्षेचा निकाल सांगितल्यासारखेच असते.

बोलणे झेपत नसेल तर ते अंगावर दिसते. पदराचे टोक पिळणे, प्रत्येक वाक्याला नुसते ‘हो हो’ म्हणणे, उत्तरासाठी सुनेच्या तोंडाकडे बघणे, ‘मला घरी जायचंय’ असे घरातच म्हणणे, ही दमल्याची किंवा घाबरल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी गप्प बसावे, खिडकीबाहेर बघावे किंवा भेट आवरती घ्यावी. वीस मिनिटांची शांत भेट दोन तासांच्या गजबजाटापेक्षा बरी. निघतानाही ‘पुढच्या वेळी ओळखशील ना?’ असे म्हणू नये. ‘तुझ्याजवळ बसून बरं वाटलं’ म्हणून नमस्कार करावा.

या पद्धतीला मर्यादा आहेत. आजाराच्या सुरुवातीला अनेकांना आपल्या विस्मरणाची पुरेपूर जाणीव असते. त्यांच्याशी जास्त जपून बोलले तर लहान मुलासारखे वागवल्याचा राग येतो. नाव सांगावे आणि पुढे नेहमीसारखे बोलावे, एवढेच त्यांना हवे असते. उशिराच्या टप्प्यात शब्दांचा अर्थ हरवतो, तेव्हा आवाजाचा सूर आणि स्पर्शच उरतो. आणि काल बरी असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक फार गोंधळली, सुस्तावली किंवा भलतेच बोलू लागली, तर ते आजाराचे नेहमीचे वाढणे समजू नये. लघवीच्या मार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध अशी कारणे त्यामागे असू शकतात आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांना दाखवावे लागते.

एरवी भेटायला जाणाऱ्याने एक गोष्ट पक्की ठरवून जावे : ओळख देण्याचे काम आपले आहे, त्यांचे नव्हे. ‘ओळखलंत का?’च्या जागी ‘मी अमुक, तुमचा तमुक’ हे दोन शब्द प्रत्येक भेटीत, प्रत्येकाने, न कंटाळता आधी म्हणावेत.