निकाल लागला, पण खरेदीखत अजून कोर्टातच

अकोल्याच्या दिवाणी न्यायालयात शेताच्या वाटणीचा दावा वर्षानुवर्षं चालतो, निकाल लागतो आणि घरचे सुटकेचा श्वास घेतात. काही महिन्यांनी शेतावर कर्ज काढायचं ठरतं. बँक मूळ खरेदीखत मागते आणि मग आठवतं, ते तर वकिलांनी पुराव्यात लावलं होतं. अशा वेळी जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

गैरसमज: दावा संपला की कोर्ट कागद आपोआप परत करतं.

पुराव्यात स्वीकारलेला कागद निशाणी क्रमांक पडून दाव्याच्या नोंदीचा भाग होतो आणि निकालानंतर बाकीच्या कागदांबरोबर रेकॉर्ड रूममध्ये जातो. तो परत हवा असेल तर अर्ज द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 13, नियम 9 हा त्याचा आधार. अर्जात दाव्याचा क्रमांक व वर्ष, निकालाची तारीख, कागदाचं वर्णन आणि निशाणी क्रमांक लिहावा. निशाणी क्रमांक नसला की शोधाशोध होते आणि अर्ज रेंगाळतो. निकालपत्रात पुराव्याची चर्चा असते तिथे हा क्रमांक सापडतो.

गैरसमज: जो जिंकला, त्याला कागद मिळतो.

कागद परत मागण्याचा हक्क तो हजर करणाऱ्याचा आहे. हरलेल्या भावानं आपलं जुनं वाटणीपत्र लावलं असेल तर ते त्यालाच परत मिळायला हवं. दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसालाही हा हक्क आहे. अमरावतीचे मामा साक्षीला आले आणि स्वतःजवळचं मूळ वाटणीपत्र हजर करून गेले, तर परतीचा अर्ज त्यांनी स्वतः करायचा. त्यांच्या वतीनं भाच्यानं सही ठोकून चालत नाही. आपला संबंध साक्षीपुरताच होता असं समजून अशी माणसं मागे फिरकतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

गैरसमज: निकालाच्या दुसऱ्या दिवशी मागता येतो, किंवा उलट, अपील संपेपर्यंत मिळूच शकत नाही.

दोन्ही अर्धवट. अपिलाची सोय नसलेल्या दाव्यात निकालानंतर लगेच मागता येतो. अपिलाची सोय असेल तर नियम असा, की अपिलाची मुदत टळून अपील झालेलं नसावं, किंवा झालेल्या अपिलाचा निकाल लागलेला असावा. समजा, दावा 1 ऑगस्टला निकाली निघाला. जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस, म्हणजे 31 ऑगस्टपर्यंत. पण समोरच्यानं 2 ऑगस्टला नकलेचा अर्ज दिला आणि नक्कल 9 तारखेला तयार झाली, तर नकलेत गेलेले 8 दिवस मुदतीत धरत नाहीत. ती 8 सप्टेंबरला संपते. म्हणून 1 सप्टेंबरला दिलेला अर्ज 'मुदत संपली' एवढ्या बळावर टिकत नाही. अपील उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे नागपूर खंडपीठात जाणारं असेल, तर मुदत 90 दिवसांची.

पण थांबणं सक्तीचं नाही. त्याआधीही मूळ कागद मिळू शकतो, मात्र त्याच्या जागी प्रत ठेवावी लागते आणि कोर्टानं मागितल्यास मूळ हजर करीन अशी हमी द्यावी लागते. पक्षकारानं प्रमाणित नक्कल द्यायची. पक्षकार नसलेल्याला साधी प्रत चालते, फक्त ती मुळाशी ताडून प्रमाणित झालेली हवी. म्हणजे अमरावतीच्या मामांना अपिलाच्या निकालाची वाट पाहत बसायला नको. कर्ज अडलेल्या शेतकऱ्यालाही हीच वाट उपयोगी आहे आणि तीच सर्वांत कमी वापरली जाते.

गैरसमज: अर्ज केला की कोणताही कागद मिळतो.

हुकूमनाम्यामुळे पूर्णपणे रद्द किंवा निरुपयोगी ठरलेला दस्त परत मिळत नाही. कोर्टानं जप्त करून ठेवलेला कागदही मिळत नाही. मुद्रांक शुल्क कमी भरलेला दस्त असा अडकू शकतो. आधी कमी पडलेलं शुल्क आणि दंड यांचा निपटारा करावा लागतो.

बनावट दस्ताच्या फौजदारी खटल्यात पोलिसांनी कागद घेतला असेल तर दिवाणीचा हा नियम लागू होत नाही. तिथे खटला संपताना कागद कोणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 452 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 498 आहे.

गैरसमज: कोर्टाचे शेरे पडलेलं खरेदीखत बँक घेणार नाही.

स्वीकारलेल्या प्रत्येक कागदावर दाव्याचा क्रमांक, हजर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि न्यायाधीशांची सही असा शेरा कायद्यानंच करायचा असतो. त्यानं दस्त बिघडत नाही. पण तो शेरा पाहून बँकेचा वकील दाव्याचं काय झालं ते विचारणारच. म्हणून कागद परत घेताना पावतीवर सही करण्याआधी पानं मोजा, निशाणी क्रमांक ताडून पाहा, आणि खरेदीखतासोबत निकालपत्र व हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला एकाच फाइलमध्ये ठेवा.