कानात पाणी गेलं की…

डोक्यावरून आंघोळ झाली आणि एका कानाला दडा बसला, की बहुतेकांचा हात आधी कापसाच्या काडीकडे जातो. नेमकं तेच करायचं नसतं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब आणि थोडी वळणाची असते. तिच्या टोकाशी पडदा असतो. काडीने पाणी थोडं टिपलं जातं, पण मळ मात्र आत ढकलला जातो आणि नळीची नाजूक त्वचा खरवडते.

पाणी काढायला मान कलती करणं पुरतं. तो कान खाली येईल असं डोकं एका बाजूला झुकवा आणि कान हलकेच वर-मागे ओढा. त्याने नळीचं वळण सरळ होतं. लहान मुलाचा कान मात्र खाली-मागे ओढावा. तसंच राहून जांभई द्या, जबडा हलवा, मिनिटभर थांबा. ऊबदार थेंब बाहेर आला, की टॉवेलच्या टोकाने बाहेरूनच टिपून घ्या. एवढ्याने भागलं नाही तर हेअर ड्रायर अगदी मंद, कोमट हवेवर ठेवून हातभर अंतरावरून थोडा वेळ फिरवावा.

तरीही दडा जात नसेल, तर आतमध्ये बहुधा पाणी नसतंच. समजा, रविवारी न्हाल्यावर उजवा कान बंद झाला आणि सोमवारी संध्याकाळीही तसाच आहे. मान हलवली की आत डुचमळतं, तर ते पाणी. काहीच हलत नाही, नुसतं कमी ऐकू येतं, तर मळ पाणी शोषून फुगला असण्याची शक्यता जास्त. मान कितीही कलती केली तरी तो निघत नाही. डॉक्टरांनी कानात पाहूनच तो काढावा.

आपल्याकडे अशा वेळी कोमट तेल घालण्याची सवय आहे. आजीने मायेने केलेला हा उपाय असला, तरी तो टाळावा असं मला ठामपणे वाटतं. तेलाने पाणी सुकत नाही, ओल आत टिकून राहते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीला आयतं घर मिळतं. पडद्याला भोक असेल, तर कुठलाही थेंब आत जाणं धोक्याचं. म्हणून ज्यांचा कान पूर्वी वाहिला आहे किंवा ज्यांची कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी दुकानातले थेंबही स्वतःच्या मनाने घालू नयेत.

संसर्ग ओळखायची एक सोपी खूण आहे. कानाच्या भोकासमोरचा छोटा उंचवटा बोटाने दाबून पाहा किंवा कान ओढून पाहा. त्याने कळ आली, तर नळीला सूज आली असण्याची शक्यता मोठी. खाज वाढत जाणं, पाणी किंवा पू येणं, ताप, चक्कर, अचानक ऐकू न येणं, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. नुसता दडा असेल आणि तो दोन दिवसांत गेला नाही, तरी कान दाखवून घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी मात्र दोन दिवसही थांबू नये. रात्री झोपू न देणारी कानाची कळ त्यांच्यात नळीच्या त्वचेवरून हाडापर्यंत पोचलेल्या संसर्गाची असू शकते, आणि तिथे घरगुती उपायात गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.