दहा नंबरचा पत्ता आणि डीएमझेड

सकाळी ८.४०

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडतीवरून दिवाणजींचा फोन आला. "दादा, कॉम्प्युटर आत घेईना झालाय. पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी खातं लॉक झालंय म्हणतोय. दहा मिनिटं थांबलं की उघडतो, चहा पिऊन आलं की परत तेच." खात्याचं नाव काय ठेवलंय, म्हणून विचारलं तर "अ‍ॅडमिन" म्हणाले.

निम्मा अंदाज तिथंच आला. विंडोज ११ ची अलीकडची आवृत्ती नव्याने टाकली असेल, तर दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडल्यावर खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं. दिवाणजी वर्षानुवर्षं एकच पासवर्ड टाकतात, ते ओळीने दहा वेळा चुकणार नाहीत. चुकणारा दुसराच कोणीतरी होता आणि तो थांबायला तयार नव्हता. मी पोचेपर्यंत राउटरची इंटरनेटची वायर काढून ठेवायला सांगितली. बिलं एक तास हातानं लिहा म्हटलं.

सकाळी ९.३०

अडतीवर पोचल्यावर आधी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यातल्या Security या नोंदवहीत 4625 क्रमांकाच्या नोंदींची रांगच लागली होती. 4625 म्हणजे आत येण्याचा फसलेला प्रयत्न. एक नोंद उघडली: Account Name समोर ADMIN, Logon Type समोर 3, आणि Source Network Address समोर परदेशातला कुठलासा पत्ता. खालच्या नोंदींत नावं बदलत होती, ADMINISTRATOR, USER, TEST. वायर काढली त्या मिनिटाला रांग थांबलेली दिसत होती.

यातली पत्त्याची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ऑफिसातल्याच एखाद्या मशीनला व्हायरस लागला असता, तर तिथं 192.168.1 ने सुरू होणारा आतला पत्ता दिसला असता. इथं बाहेरचा पत्ता थेट दिसत होता. राउटरच्या मागे बसलेल्या मशीनवर असं दिसलं, की राउटरनेच बाहेरच्याला आत सोडलंय असं समजावं.

मशीनचा पत्ता `ipconfig` ने पाहिला: 192.168.1.10. वायर परत न जोडता राउटरचं पान उघडलं, आणि फॉरवर्डिंगच्या शेवटच्या कप्प्यात ते सापडलं. DMZ: Enabled. Host IP: 192.168.1.10.

शेठना आठवलं. काही वर्षांपूर्वी कॅमेरे बसवणारा मुलगा आला होता, डीव्हीआर मोबाइलवर दिसेना म्हणून त्यानं राउटरमध्ये काहीतरी केलं आणि दिसायला लागलं. तो डीव्हीआर पुढे जळाला. नवा आला तो कंपनीच्या सर्व्हरला स्वतःहून जोडून घेणारा, त्याला बाहेरून वाट लागतच नाही. जुन्याचा दहा नंबरचा पत्ता रिकामा राहिला, आणि दिवाणजींचं नवं मशीन आलं तेव्हा राउटरने तो त्याला देऊन टाकला. डीएमझेडची नोंद असते पत्त्यावर. त्या पत्त्यावर आज कोण बसलंय याची तिला फिकीर नसते.

सकाळी १०.१५

शेठनी खुर्ची ओढली. "म्हणजे नक्की काय उघडं होतं?" हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून नीट सांगितलं.

राउटर आतल्या प्रत्येक मशीनने बाहेर केलेल्या मागणीची नोंद ठेवतो. बाहेरून उत्तर आलं की नोंद पाहून ते ज्याचं त्याला देतो. ज्याची नोंदच नाही, असं आगंतुक काही आलं तर टाकून देतो. घरातल्या राउटरचं संरक्षण बहुतांशी या टाकून देण्यातच आहे. पोर्ट फॉरवर्डिंग केलं की एका क्रमांकापुरता अपवाद होतो: 8000 वर आलेलं डीव्हीआरला द्या, बाकीचं टाका. डीएमझेड मात्र टाकून देणंच बंद करतं. नोंद नसलेलं, नियम नसलेलं, जे काही येईल ते सगळं एका पत्त्यावर पाठवतं. पोर्ट पासष्ट हजारांच्या वर आहेत, त्या सगळ्यांवरचं.

मोठ्या कंपन्यांत डीएमझेड म्हणजे वेगळं नेटवर्क असतं. बाहेरून पोचता येणारे सर्व्हर त्यात ठेवतात, आणि तिथून आतल्या नेटवर्ककडे जायच्या वाटेवर पुन्हा फायरवॉल असते. सर्व्हर फोडला गेला तरी चोर तिथंच अडतो. घरगुती राउटरच्या पानावर तेच नाव आहे, पण मधली भिंत नाही. दिवाणजींचं मशीन बाहेरच्या जगासमोर उघडं होतं आणि त्याच वेळी शेठच्या लॅपटॉपच्या, प्रिंटरच्या, नव्या डीव्हीआरच्या शेजारीही बसलं होतं. ते पडलं असतं तर बाकीच्यांवर हल्ला आतूनच झाला असता, आणि राउटरला त्याचा पत्ताही लागला नसता.

विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू होती म्हणून बरंच काही अडलं. फाइल शेअरिंगचे तिचे नियम मुळात त्याच नेटवर्कपुरते असतात. रिमोट डेस्कटॉप चालू केला की मात्र 3389 वर कुठूनही येणाऱ्याला ती वाट देते. तो कधीतरी बिलिंगवाल्याच्या सोयीसाठी चालू केलेला होता. आणि मल्टियुझर चालत नाही म्हणून फायरवॉलच बंद करून जाणारे लोकही मी खूप पाहतो. तसं इथं असतं तर शेअर केलेले हिशेबाचे फोल्डरही बाहेर दिसले असते.

सकाळी ११.००

आधी राउटरचं डीएमझेड बंद केलं, मग राउटर रीस्टार्ट केला, कारण चालू असलेली जोडणी नुसती सेटिंग बदलून तुटेलच असं नाही. त्यानंतर इंटरनेटची वायर जोडली. रिमोट डेस्कटॉप बंद केला. दिवाणजींच्या मशीनला पत्ता राखून दिला आणि अ‍ॅडमिन हे खातं बदलून दुसऱ्या नावाचं केलं.

मग कठीण भाग. कोणी आत शिरलं होतं का? यशस्वी प्रवेशाची नोंद 4624 क्रमांकाने होते. त्यात बाहेरचा पत्ता कुठे दिसतो का ते चाळलं, नवी खाती पाहिली, टास्क शेड्युलर पाहिला. काही सापडलं नाही. पण Security ची नोंदवही साधारणपणे २० एमबीची असते. भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि असा मारा चालू असताना ती फार लवकर भरते. म्हणजे मला दिसलं ते अलीकडचंच. त्याआधीचं हल्लेखोराच्या माऱ्यानेच पुसलं होतं. शेठना तसंच सांगितलं. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला, हिशेबाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि रविवारी मी विंडोज नव्याने टाकतो. ते थोडे नाराज झाले, पण सगळं ठीक आहे असं म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता.

दुपारी १.००

जेवायच्या आधी दिवाणजींना फोन केला. नवी 4625 एकही नाही.

दुपारी २.३०

विश्रामबागेतल्या एका घरी मुलाच्या गेमिंग कन्सोलवर मित्रांशी जोडणी होत नव्हती. कुणीतरी कन्सोल डीएमझेडमध्ये टाकायला सांगितलं होतं आणि त्यानं टाकलंही होतं. फरक शून्य. राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला तर 100.72 ने सुरू होणारा. 100.64 ते 100.127 मधला पत्ता असला, की इंटरनेट कंपनीने पुष्कळ ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेत. आगंतुक काही आलं तर ते कंपनीकडेच थांबतं, घरापर्यंत पोचतच नाही. तरीही बंद केलंच. उद्या त्यांनी स्वतंत्र पत्ता घेतला, तर आज विसरलेली सेटिंग त्या दिवशी जागी होईल.

दुपारी ४.३०

मिरजेतला दवाखाना. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता आहे, डीव्हीआरसाठी पोर्ट 8000 फॉरवर्ड केलंय, तरी डॉक्टरांना घरून कॅमेरे दिसत नाहीत. त्यांनी स्वतःच विचारलं, "थोडा वेळ डीएमझेड करून बघायचं का?"

करायचं, पण डीव्हीआरवर नाही. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांमध्ये टेलनेटसारखे जुने दरवाजे आणि कारखान्यातलेच पासवर्ड राहिलेले असतात. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रामने असेच साठेक ठरलेले पासवर्ड लावून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या माऱ्याने त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. असं यंत्र दहा मिनिटंसुद्धा उघडं ठेवू नये.

मी माझा लिनक्सचा लॅपटॉप लावला. त्यावर बाहेरून जोडता येईल अशी एकही सेवा चालू नाही. त्याला 192.168.1.200 हा पत्ता दिला, डीएमझेडमध्ये तोच टाकला आणि फोनवर दहा मिनिटांचा गजर लावला. आधी 8000 चा फॉरवर्डिंगचा नियम तात्पुरता काढावा लागतो, कारण नेमका नियम असला की तो डीएमझेडच्या आधी लागतो आणि ते पाकीट डीव्हीआरकडेच जातं. हे न करता लोक चाचणी घेतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. मग बाहेरून येणारी प्रत्येक नवी जोडणी पाहायला:

```
sudo tcpdump -ni eth0 'tcp[tcpflags] & (tcp-syn|tcp-ack) == tcp-syn and not src net 192.168.1.0/24'
```

डॉक्टरांनी वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून अ‍ॅप उघडलं. आतूनच स्वतःच्या बाहेरच्या पत्त्यावर गेलं तर बऱ्याच राउटरना ते जमत नाही, म्हणून वायफायवरची चाचणी धरायची नाही. लगेच पडद्यावर ओळ आली, लॅपटॉपच्या पत्त्याच्या शेवटी `.8000`. म्हणजे इंटरनेट कंपनी काही अडवत नाही, राउटरपर्यंत सगळं स्वच्छ येतंय. त्याच ओळींमध्ये न बोलावलेलेही होते: 23, 22, 3389, 8080. डॉक्टर बघत राहिले. "हे कोण?" म्हटलं, कोणी ओळखीचं नाही, प्रोग्राम सगळे पत्ते ओळीने ठोठावत जातात, यात तुमचाही आला.

गजर वाजायच्या आत डीएमझेड बंद केलं, फॉरवर्डिंगचा नियम परत घातला. आता दोष डीव्हीआरकडे होता. त्याच्या नेटवर्कच्या पानावर गेटवे 192.168.0.1 होता, राउटर मात्र 192.168.1.1 वर. दवाखान्यात कॅमेरे दिसत होते कारण तिथं गेटवे लागत नाही. बाहेरचा निरोप डीव्हीआरला पोचत होता, पण उत्तर पाठवायची वाट त्याला सापडत नव्हती. डीव्हीआरच डीएमझेडमध्ये टाकला असता तरी तो दिसला नसता, आणि "अजून काहीतरी अडतंय" म्हणत ती सेटिंग तशीच राहिली असती.

गेटवे बदलल्यावर कॅमेरे दिसले. पासवर्ड बदलला, फर्मवेअर नवं केलं. उघडं पोर्ट एकच असलं तरी उघडंच, म्हणून पुढच्या खेपेला राउटरवर व्हीपीएन बसवून 8000 बंद करायचं डॉक्टरांशी ठरवलं.

संध्याकाळी ६.४५

शेवटचं काम एका बंगल्यात होतं, आणि तिथं डीएमझेड मी स्वतः कायमचं चालू ठेवून आलो. इंटरनेट कंपनीचं फायबरचं यंत्र राउटर म्हणूनच चालतं, ब्रिज करून देत नाहीत. त्याच्यामागे घरमालकाचा चांगला राउटर आहे. दोघांत दोनदा फॉरवर्डिंग करत बसण्यापेक्षा कंपनीच्या यंत्राचं डीएमझेड या दुसऱ्या राउटरच्या पत्त्यावर लावलं. कंपनीच्या यंत्राला दुसरं काहीच जोडलेलं नाही, त्याचं वायफाय बंद आहे, आणि आगंतुक जे काही येईल ते टाकून देणारं यंत्रच समोर उभं आहे. त्या राउटरचं बाहेरून चालवायचं पान बंद केलं, पत्ता पक्का केला, आणि मोबाइल डेटावरून पोर्ट तपासली. एकही उघडं नव्हतं.