तुटलेल्या तारेतले दोन प्रवाह

रात्रीच्या पाळीची वीज, विहिरीवर पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार चालू आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतली एका फेजची फ्यूज तार वितळते. मोटार थांबत नाही. आवाज थोडा बदलतो, पाणी पडत राहते आणि शेतकरी पिकात दारे धरत असल्याने हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. सकाळी वाइंडिंग जळल्याचा वास येतो. रिवाइंडिंगवाला मोटार उघडतो, तेव्हा स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर आणि तिसरीची जवळजवळ नवी दिसतात. तो न विचारता सांगतो, ‘सिंगल फेजिंग झालंय.’

या निदानामागचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. त्यात पहिल्यांदा ऐकताना थट्टा वाटावी असे एक विधान येते. ज्या तारेत प्रवाह शून्य आहे, तिच्यात प्रत्यक्षात दोन प्रवाह आहेत असे धरायचे. ते सारखेच मोठे असतात आणि एकमेकांच्या विरुद्ध असतात. तसे धरले की मोटार का थांबली नाही आणि का जळली, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम मिळतात.

निरोगी थ्री फेज पुरवठ्यात आर, वाय आणि बी या तीन तारांतले प्रवाह सारखे असतात, फक्त एकामागून एक येतात. कागदावर ते तीन सारख्या लांबीचे बाण म्हणून काढतात, दोन बाणांमध्ये १२० अंशांचा कोन ठेवून. आर, मग वाय, मग बी असा हा क्रम मोटारीच्या आत एक फिरते चुंबकी क्षेत्र तयार करतो आणि रोटर त्याच्या मागे ओढला जातो. सगळे बाण सारखे असतील तर एका फेजचा हिशेब केला की तिन्हींचा झाला. पण बाण लहानमोठे झाले, कोन बिघडले, की ही सोय जाते.

चार्ल्स फोर्टेस्क्यू नेमका इथेच अडला होता. कॅनडात हडसन उपसागराकाठच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर जन्मलेला हा अभियंता अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत होता. १९१३ च्या अखेरीस तो असमतोल पुरवठ्यावर मोटार कशी चालते याचे गणित मांडत होता. निमित्त होते फेज कन्व्हर्टरचे, म्हणजे सिंगल फेज विजेतून थ्री फेज तयार करणाऱ्या यंत्राचे. आपल्याकडे दोन फेजवर पंप चालवायला कंडेन्सर लावतात, तो त्याच जातीचा खटाटोप. गणित करता करता फोर्टेस्क्यूच्या लक्षात आले की आपल्या हाती मोटारीपेक्षा बरेच मोठे काही लागले आहे. जून १९१८ मध्ये अटलांटिक सिटीच्या अधिवेशनात त्याने तो लांबलचक निबंध मांडला.

त्याचे म्हणणे असे. तीन बाण कितीही वेडेवाकडे असोत, ते नेहमी तीन नीटनेटक्या संचांच्या बेरजेने तयार करता येतात. पहिला सुलट संच, म्हणजे पॉझिटिव्ह सीक्वेन्स: तीन सारखे बाण, १२० अंशांवर, आर-वाय-बी या क्रमाने. दुसरा उलट संच, निगेटिव्ह सीक्वेन्स: तसेच तीन सारखे बाण, पण क्रम आर-बी-वाय. तिसरा शून्य संच, झिरो सीक्वेन्स: यात तिन्ही बाण सारखे आणि एकाच दिशेला, म्हणून त्याला क्रमच नाही. हे संच शोधण्याची कृती तीन ओळींत मावते:

```
I1 = (IR + a·IY + a²·IB) / 3
I2 = (IR + a²·IY + a·IB) / 3
I0 = (IR + IY + IB) / 3
```

यात I1 सुलट, I2 उलट आणि I0 शून्य संचाचा आर फेजमधला बाण आहे. a हे अक्षर बाणाची लांबी तशीच ठेवून त्याला घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने १२० अंश फिरवते, a² तेच २४० अंशांनी करते. बाकी सगळी बेरीज आणि तीनने भागाकार.

आता विहिरीवरच्या मोटारीकडे वळू. पूर्ण भारावर तिच्या प्रत्येक तारेत साधारण ७.५ अँपिअर जातात असे धरू. बी फेज गेला. उरलेल्या दोन तारा आता एकच वाट आहेत. आरमधून गेलेला प्रवाह वायमधूनच परतणार. पंपाचे काम तेवढेच असल्याने प्रवाह वाढून १३ अँपिअर होतो. कागदावर आरचा १३ लांबीचा बाण उजवीकडे म्हणजे शून्य अंशावर काढा, वायचा तेवढाच डावीकडे म्हणजे १८० अंशांवर. बीच्या जागी काहीच नाही.

सुलट संचासाठी वायचा बाण १२० अंश फिरवला की तो ३०० अंशांवर येतो. आरच्या बाणाशी त्याचा कोन आता ६० अंश. दोघांची बेरीज २२.५, दिशा उणे ३० अंश. तीनने भागा, ७.५ अँपिअर. उलट संचासाठी वायचा बाण २४० अंश फिरवायचा, तो ६० अंशांवर येतो. बेरीज पुन्हा २२.५, या वेळी दिशा अधिक ३० अंश. तीनने भागून पुन्हा ७.५ अँपिअर. शून्य संचासाठी काहीच फिरवायचे नाही. अधिक १३ आणि उणे १३ यांची बेरीज शून्य.

ताळा करून पाहण्यात खरी गंमत आहे. आर तारेत सुलट बाण उणे ३० अंशांवर आणि उलट बाण अधिक ३० अंशांवर, दोन्ही ७.५ चे. त्यांची बेरीज बरोबर १३. वाय तारेत ते उणे १५० आणि अधिक १५० अंशांवर येतात, बेरीज पुन्हा १३, पण डावीकडे. आणि बी तारेत सुलट बाण सरळ वर, उलट बाण सरळ खाली. दोघे एकमेकांना पुसून टाकतात. तार तुटलेली, प्रवाह शून्य, आणि तरीही हिशेबात दोन प्रवाह आहेत.

सुलट भाग किती आला ते पुन्हा पाहा: ७.५ अँपिअर, बिघाडाच्या आधी होता तेवढाच. म्हणजे पाणी उपसण्याचे काम करणारा प्रवाह तसाच राहिला, म्हणून मोटार थांबली नाही. मात्र तेवढाच मोठा उलट प्रवाह वर येऊन बसला, आणि तो रोटरच्या विरुद्ध दिशेने फिरणारे दुसरे चुंबकी क्षेत्र तयार करतो. त्याचा रोध ओलांडायला प्रत्यक्षातली मोटार १३ हूनही थोडा जास्त प्रवाह ओढते.

रोटर मिनिटाला १४४० फेरे घेत असेल तर १५०० फेऱ्यांचे सुलट क्षेत्र त्याच्यापेक्षा जेमतेम ६० फेऱ्यांनी पुढे असते, त्यामुळे रोटरच्या दांड्यांत सेकंदाला फक्त २ आवर्तनांचा प्रवाह वाहतो. उलट क्षेत्र मात्र त्याला २९४० फेऱ्यांच्या वेगाने समोरून कापते, म्हणजे सेकंदाला ९८ आवर्तने. एवढ्या वारंवारतेचा प्रवाह दांड्यांच्या पृष्ठभागाकडे सरकतो, वाहायला जागा कमी मिळते आणि उष्णता वाढते. स्टेटरची गतही वाईट. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे १३ अँपिअर वाहणाऱ्या दोन वेटोळ्यांत ती प्रत्येकी तिप्पट होते आणि तिसरे थंड राहते. रिवाइंडिंगवाल्याने पाहिलेले चित्र हेच.

एक फेज नसताना मोटार सुरू का होत नाही, नुसती घुमत का राहते, हेही यातूनच कळते. उभ्या रोटरला सुलट आणि उलट क्षेत्रे सारखीच दिसतात, दोन्ही बाजूंची ओढ सारखी पडते.

मग संरक्षण कसे करायचे? फ्यूज इथे उपयोगाची नाही. ती मोटार सुरू होताना लागणारा सहापट प्रवाह सोसणारी निवडलेली असते, १३ अँपिअर तिला काहीच वाटत नाहीत. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर काही मिनिटांत तोडतो, पण तो ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून सेटिंग वाढवून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. नुसते व्होल्टेज मोजणारा उपायही फसू शकतो, कारण फिरती मोटार तुटलेल्या फेजच्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि मीटरवर तिन्ही फेज बऱ्यापैकी हजर दिसतात. खरे चित्र प्रवाहातला उलट भाग दाखवतो. चांगला सिंगल फेज प्रिव्हेंटर प्रवाहातला हाच भाग वेगळा काढून पाहतो आणि मर्यादेपलीकडे गेला की स्टार्टर पाडतो.

शून्य संच आपल्या उदाहरणात आलाच नाही, आणि येणारही नव्हता. तीनही बाण एका दिशेला असतील तर प्रवाहाला परतायला चौथी वाट लागते. मोटारीला तीनच तारा. गावातल्या दिव्यांना मात्र न्यूट्रल असते. समजा रोहित्राच्या फक्त आर फेजवर ३० अँपिअरचा भार आहे आणि बाकी दोन रिकामे आहेत. वरच्या तिन्ही सूत्रांत घातले तर सुलट, उलट, शून्य असे प्रत्येकी १० अँपिअर येतात आणि न्यूट्रलमधून शून्य भागाच्या तिप्पट, म्हणजे ३० परततात. मोटारीत शून्य भाग दिसू लागला तर अर्थ एकच: प्रवाह जमिनीत झिरपतो आहे. तिन्ही तारा एकाच कड्यातून नेणारा कोअर बॅलन्स सीटी ही बेरीज मोजतो.

रेल्वेलाही हे दुखणे आहे. पंचवीस किलोव्होल्टच्या ओव्हरहेड तारेला वीज देणारे उपकेंद्र ग्रिडच्या दोनच फेजमधून ती घेते. म्हणजे आपली विहिरीवरचीच आकडेमोड, फक्त आकडे मोठे. म्हणून लागोपाठची उपकेंद्रे वेगवेगळ्या फेजच्या जोड्यांवर टाकतात, आणि दोन जोड्यांमध्ये न्यूट्रल सेक्शन ठेवावा लागतो.

तार तुटेपर्यंत थांबायची गरज नाही. उलट व्होल्टेजसाठी मोटार जवळपास सुरू होतानाच्या अवस्थेइतकीच मोकळी असते. सुरुवातीचा प्रवाह सहापट असेल तर पाच टक्के उलट व्होल्टेजमुळे सुमारे ३० टक्के उलट प्रवाह येतो. तेव्हा टाँग टेस्टर मिळेल त्या दिवशी चालू मोटारीच्या तिन्ही तारा मोजून घ्या. समजा १२, १० आणि ८ अँपिअर आले. सरासरी १०, सर्वांत मोठा फरक २, म्हणजे ढोबळमानाने २० टक्के. बाणांचा त्रिकोण काढून नीट हिशेब केला तर उलट भाग सुलट भागाच्या २४ टक्के भरतो. असे आकडे दिसले की सैल जोड, जळका कॉन्टॅक्ट किंवा एका फेजवरचा जादा भार शोधा, आणि तोवर त्या मोटारीवर पूर्ण भार टाकू नका.