तक्त्यातली मुख्य गोष्ट चार वाक्यांत

आज कागद-पेन जवळ ठेवा, थोडे आकडे लिहून घ्यायचे आहेत.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या बचत गटांच्या बायकांना आता अहवाल लिहिण्याची सवय झाली आहे. वस्तीत पाळणाघर हवे असेल, मालविक्रीसाठी जागा हवी असेल, तर अर्जासोबत अहवाल जोडावा लागतो. त्यात तक्ता असतो आणि तक्त्याखाली एक परिच्छेद. तक्ता बहुतेक गट व्यवस्थित काढतात. परिच्छेदात मात्र तक्ता पुन्हा वाचून दाखवलेला असतो: "पहिल्या शहरात इतके, दुसऱ्या शहरात इतके, तिसऱ्या शहरात इतके." टेबलापलीकडचा अधिकारी घाईत असतो. तो तक्ता सोडून परिच्छेदच वाचतो, आणि त्यातून त्याला काहीच हाती लागत नाही. म्हणून परिच्छेदात तक्त्याचा सारांश हवा. तो कसा काढायचा, ते आपल्याच जिल्ह्याच्या एका तक्त्यावर बघू.

हा तक्ता जनगणनेचा आहे. ठाणे जिल्ह्यात आज महानगरपालिका असलेल्या सहा शहरांची लोकसंख्या त्यात आहे. आकडे लाखांत आहेत.

| शहर | २००१ | २०११ | दहा वर्षांतली वाढ |
|---|---|---|---|
| भिवंडी-निजामपूर | ६.० | ७.१ | १९ टक्के |
| कल्याण-डोंबिवली | ११.९ | १२.५ | ५ टक्के |
| मीरा-भाईंदर | ५.२ | ८.१ | ५६ टक्के |
| नवी मुंबई | ७.० | ११.२ | ५९ टक्के |
| ठाणे | १२.६ | १८.४ | ४६ टक्के |
| उल्हासनगर | ४.७ | ५.१ | ७ टक्के |

टक्के पूर्ण आकड्यांवरून काढले आहेत. लाखांतल्या गोल आकड्यांवरून हिशेब केलात तर उत्तर थोडे इकडेतिकडे येईल. उल्हासनगरचे सातऐवजी आठ-साडेआठ टक्के निघतील. म्हणून आधी पूर्ण आकड्यांवर हिशेब करायचा आणि आकडा गोल करायचा तो शेवटी, लिहिताना.

टक्के काढायची रीत सोपी आहे. नव्या आकड्यातून जुना वजा करा, आलेल्या उत्तराला जुन्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. भागायचे नेहमी जुन्या आकड्याने. नव्याने भागले तर ठाण्याची वाढ ४६ ऐवजी ३१ टक्के दिसेल.

आता हा तक्ता वरून खाली वाचा. काही कळते का? शहरांची नावे ज्या क्रमाने आली, त्या क्रमाला काही अर्थ नाही. म्हणून पहिले काम म्हणजे ओळी वाढीच्या क्रमाने पुन्हा मांडायच्या. सर्वांत वर नवी मुंबई ५९, मग मीरा-भाईंदर ५६, ठाणे ४६, भिवंडी १९, उल्हासनगर ७ आणि शेवटी कल्याण-डोंबिवली ५.

क्रम लावला की मोठी दरी कुठे आहे ते शोधायचे. ५९, ५६ आणि ४६ हे आकडे एकमेकांच्या आसपास आहेत. पण ४६ वरून एकदम १९ येते. इथे तक्ता आपोआप दोन भागांत तुटतो. वरची तीन शहरे साधारण निम्म्याने वाढली आणि खालची तीन शहरे एक-पंचमांशापेक्षा कमी वाढली. तक्त्यातली मुख्य गोष्ट हीच, आणि परिच्छेदाचे पहिले वाक्यही हेच. या वाक्यात शक्यतो एकही दशांश आकडा घालू नका. ऐकणारीला "तीन शहरे साधारण निम्म्याने वाढली" हे लगेच कळते. "४५.९ टक्के" ऐकले की ती आकड्यातच अडकते.

दुसरे वाक्य पहिल्याला आधार देते. त्यात टोकाचे आकडे यायला हवेत: सर्वांत जास्त कुठे, सर्वांत कमी कुठे. सहाही आकडे नकोत, त्यांच्यासाठी तक्ता आहेच.

इथे एक बारीक मुद्दा आहे. "सर्वांत जास्त वाढ" म्हणजे कशात? टक्क्यांत बघाल तर नवी मुंबई पहिली. माणसे मोजाल तर ठाणे पहिले. ठाण्यात दहा वर्षांत सुमारे ५ लाख ८० हजार माणसे वाढली, म्हणजे उल्हासनगरच्या सगळ्या लोकसंख्येपेक्षा जास्त. दोन्ही वाक्ये खरी आहेत, पण दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पाळणाघर, पाणी, शाळेतल्या जागा मागायच्या असतील तर माणसांचा आकडा कामाचा, कारण पाणी माणसांना लागते, टक्क्यांना नाही. शहर किती वेगाने बदलते आहे हे सांगायचे असेल तर टक्के कामाचे. एका वाक्यात एकच माप धरा, आणि कोणते धरले ते वाक्यातच सांगा. "वाढ जास्त आहे" एवढेच लिहिले तर वाचणारा त्याला हवा तो अर्थ घेईल.

आता या तक्त्यातली खरी मेख. कल्याण-डोंबिवलीची ओळ पुन्हा बघा. दहा वर्षांत फक्त ५ टक्के? सकाळी डोंबिवली स्टेशनवर लोकलमध्ये चढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हसेल. आकडा आपल्या रोजच्या अनुभवाच्या इतका उलटा गेला की लिहायचे थांबायचे आणि विचारायचे: दोन्ही वर्षी मोजलेली जागा एकच होती का?

नव्हती. २००१ मध्ये जनगणना झाली तेव्हा आसपासची २७ गावे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत होती. २००२ मध्ये ती बाहेर काढली गेली. त्यामुळे २०११ च्या आकड्यात ती नाहीत. पुढे २०१५ मध्ये ती पुन्हा महापालिकेत आली. म्हणजे या ओळीत मोठ्या हद्दीची तुलना लहान हद्दीशी झाली आहे. पाच टक्के हा आकडा चूक नाही. "कल्याण-डोंबिवलीत लोक यायचे थांबले" हे वाक्य चूक आहे.

असे वाक्य अहवालात गेले तर नुकसान कोणाचे होते ते बघा. कल्याणच्या एखाद्या गटाने पाळणाघर मागितले आणि त्याच अहवालात लिहिले की तिथली लोकसंख्या जवळजवळ वाढलीच नाही, तर मागणीचा पायाच गेला. पुढची फाइल वाचणारा त्यांचेच वाक्य त्यांना दाखवील. म्हणून तक्त्यात वेगळी पडणारी ओळ असेल तर परिच्छेदाचे तिसरे वाक्य तिचे. ती लपवायची नाही, पुसायचीही नाही. ती वेगळी का दिसते याचे पक्के कारण माहीत असेल तर ते सांगायचे. माहीत नसेल तर "या ओळीची तुलना जपून करावी" एवढेच लिहायचे.

हद्दीचा हा प्रश्न एकट्या कल्याणचा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला. त्यामुळे "ठाणे जिल्हा" असे लिहिलेला २०११ चा जुना तक्ता हाती आला तर त्यात पालघरही मोजलेले असते. तक्ता हातात घेतला की आकड्यांच्या आधी मथळा वाचा: कोण मोजले, कुठले मोजले, कधी मोजले.

चौथे वाक्य तक्त्याच्या मर्यादेचे. तक्ता काय झाले ते सांगतो, का झाले ते सांगत नाही. "नवे टॉवर उभे राहिल्यामुळे ठाण्याची लोकसंख्या वाढली" हे आपल्याला घोडबंदर रोडवर राहून पटते. पण या तक्त्यात इमारतींचा रकानाच नाही. या तक्त्याच्या आधारावर "मुळे" हा शब्द लिहिता येत नाही. कारण लिहायचे असेल तर त्याचा वेगळा पुरावा जोडावा लागेल.

तसेच या तक्त्यात घोडबंदर रोडची ओळ नाही. माजिवड्यापासून कासारवडवली-ओवळ्यापर्यंत काय बदलले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण ४६ टक्के ही पूर्ण ठाणे शहराची वाढ आहे. त्यात नौपाडा आला, कळवा-मुंब्राही आले. "घोडबंदर रोडची लोकसंख्या ४६ टक्क्यांनी वाढली" असे लिहिले तर ते तक्त्याच्या नावाने केलेले आपले अनुमान होईल. आपल्या वस्तीबद्दल बोलायचे असेल तर वस्तीची मोजणी हवी: किती घरे, सहा वर्षांखालची मुले किती, कामाला जाणाऱ्या आया किती. तो दुसरा तक्ता आणि त्याचा दुसरा परिच्छेद.

काळाचीही मर्यादा आहे. २०२१ ला व्हायची जनगणना तेव्हा झाली नाही, म्हणून अजून २०११ चेच आकडे वापरावे लागतात. त्यामुळे "ठाण्यात १८ लाख लोक राहतात" असे लिहू नका. "२०११ मध्ये राहत होते" असे लिहा.

आता चारही वाक्ये जोडून परिच्छेद असा होतो:

"२००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे जिल्ह्यातल्या सहा मोठ्या शहरांपैकी नवी मुंबई, मीरा-भाईंदर आणि ठाणे ही तीन शहरे साधारण निम्म्याने वाढली, तर उरलेल्या तीन शहरांची वाढ एक-पंचमांशापेक्षा कमी राहिली. टक्केवारीत सर्वाधिक वाढ नवी मुंबईत (५९ टक्के) दिसते, पण माणसांच्या संख्येत सर्वाधिक भर ठाण्यात पडली, सुमारे ५ लाख ८० हजार. कल्याण-डोंबिवलीची वाढ ५ टक्केच दिसते, मात्र २००२ मध्ये २७ गावे हद्दीबाहेर गेल्याने तिथल्या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. हे आकडे पूर्ण शहरांचे आणि २०११ पर्यंतचे आहेत, त्यांतून एखाद्या वस्तीची वाढ किंवा वाढीचे कारण कळत नाही."

परिच्छेद जमला की नाही हे तपासायला गटातल्या अशा एका ताईंना बसवा, ज्यांनी तक्ता पाहिलेला नाही. तक्ता झाका आणि परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा. मग दोन प्रश्न विचारा: कुठली शहरे जास्त वाढली, आणि कुठल्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही? दोन्ही उत्तरे बरोबर आली तर परिच्छेद तयार आहे. पहिले चुकले तर पहिले वाक्य पुन्हा लिहा. दुसरे चुकले तर तिसरे.

तुमच्या गटाच्या कर्जफेडीचा तक्ताही याच क्रमाने लिहिता येतो. बायकांची नावे वहीच्या क्रमाने न मांडता थकलेल्या हप्त्यांच्या क्रमाने मांडा, दरी कुठे पडते ते बघा, आणि एखादी ओळ फारच वेगळी दिसली तर ठपका ठेवण्याआधी वही उघडा. कदाचित त्या ताईंचे कर्ज सगळ्यांच्या नंतर, वर्षाच्या मध्ये सुरू झाले असेल.