दुधी कडू लागला तर

2010 सालचा उन्हाळा. दिल्लीतलं एक सुशिक्षित, विज्ञानाशी रोजचा संबंध असलेलं जोडपं नेहमीप्रमाणे दुधी आणि कारल्याचा रस घेऊन बसलं. हा रस त्यांच्या रोजच्या सवयीचा. त्या दिवशी तो जरा जास्तच कडू लागला. पण कारलं घातलेला रस कडू लागणारच, त्यात शंका कसली घ्यायची? थोड्याच वेळात दोघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रुग्णालयात नेल्यावर पत्नी वाचली, पती दगावले.

या मृत्यूनंतर केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेमार्फत तज्ज्ञांची समिती नेमली. दुधीचा रस पिऊन आजारी पडलेल्या 26 जणांच्या नोंदी समितीपुढे आल्या, त्यातले तिघे मरण पावले होते. समितीच्या शिफारशींमधली पहिली गोष्ट कोणत्याही यंत्राची नव्हती, प्रयोगशाळेचीही नव्हती. रस काढण्याआधी दुधीची एक लहानशी फोड चाखून पाहा आणि कडू लागली तर तो दुधी फेकून द्या, एवढंच तिने सांगितलं. तरीही 2018 च्या जूनमध्ये पुण्यात चाळिशीतल्या एका बाईंचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. व्यायाम करून आल्यावर त्यांनी तो घेतला होता.

दुधी हा मुळात किती गरीब स्वभावाचा! आजाऱ्याला द्यावा, बाळाला वरणातून भरवावा, उपाशीपोटीही बाधत नाही असा त्याचा लौकिक. म्हणूनच त्याच्या कडूपणाकडे कुणी गंभीरपणे बघत नाही.

काकडी, तांबडा भोपळा, कलिंगड, दोडका, दुधी हे सगळे एकाच कुळातले वेल. या कुळातली झाडं किड्यांपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी कुकुरबिटासिन नावाची द्रव्यं तयार करतात. ती अतिशय कडू असतात. रानातल्या मूळ वेलींची फळं याच द्रव्यांनी भरलेली असत. माणसाने हजारो वर्षं गोड निघालेल्या फळांचं बी राखत राखत आजचा गोडसर, पाणीदार दुधी घडवला. पण वेलीच्या अंगातलं ते जुनं हत्यार गेलेलं नाही, फक्त म्यान केलेलं आहे.

ते बाहेर येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली बियाण्याची. शेजारच्या कुंपणावर कडू भोपळ्याचा वेल असेल आणि त्याचे परागकण दुधीच्या फुलावर आले, तर त्या फुलातून धरलेलं फळ गोडच राहतं, कारण फळाचा गर हा आईवेलीचा असतो. कडूपणाचा वारसा जातो तो आतल्या बियांमध्ये. ते बी कुणी हौसेने राखून पुढच्या वर्षी परसात लावलं, की मग कडू दुधी धरतात. गेल्या साली एवढा छान निघालेला दुधी यंदा असा कसा, हे कोडं घरात कुणालाच उलगडत नाही. दुसरी वाट हवामानाची. कडक ऊन, पाण्याची ओढ, मध्येच ताण आणि मध्येच भरपूर पाणी, वेलीवर नको इतका जून झालेला दुधी, अशा परिस्थितीत एरवी गोड असणाऱ्या फळातही कडूपणा वाढू शकतो.

महाराष्ट्राला कडू भोपळा तसा परका नाही. तंबोरा आणि सतार यांच्यासाठी मिरजेचे कारागीर जो मोठा भोपळा वापरतात, तो पंढरपूरच्या परिसरातून येतो. तो वाळवून, कोरून नादासाठी वापरायचा असतो, कुणी त्याची भाजी करत नाही. आणि तुकोबांच्या नावावर सांगितली जाणारी गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. यात्रेला निघालेल्यांच्या हाती त्यांनी एक कडू भोपळा दिला आणि प्रत्येक तीर्थात त्यालाही स्नान घालायला सांगितलं. मंडळी परतली, भोपळा चिरला, चाखला, तर होता तसाच कडू. गोष्टीचा रोख अर्थातच दुसरीकडे आहे, पण स्वयंपाकघरात ती अक्षरशः खरी ठरते. धुऊन, मीठ चोळून, उकळून किंवा कुकरच्या शिट्ट्या देऊन दुधीतलं हे विष जात नाही. ते उष्णतेला दाद देत नाही.

याचा दाखला जर्मनीत मिळाला. 2015 च्या ऑगस्टमध्ये हायडनहाइम गावच्या एका 79 वर्षांच्या गृहस्थांना शेजाऱ्याने आपल्या बागेतली झुकिनी दिली. झुकिनी ही दुधीच्याच कुळातली. घरी ती शिजवून पती-पत्नी जेवायला बसली. चव कडू होती. पत्नीने थोडंसं खाऊन हात आवरता घेतला, पतीने मात्र ताट संपवलं. दोघांनाही रुग्णालयात न्यावं लागलं आणि पती वाचले नाहीत. शिजवलेलं अन्न, घरच्या बागेतली ताजी भाजी, औषध फवारलेलं असण्याचा संशय नाही. फरक होता तो फक्त पोटात किती गेलं याचा.

मग आपल्याकडच्या बहुतेक घटना भाजीच्या नसून रसाच्याच का? भाजीचा कडू घास माणूस सहसा थुंकतो आणि ताट बाजूला सारतो. रस मात्र तसा नाही. एका पेल्यासाठी अर्धाएक किलो दुधी किसला जातो, तो कच्चाच, गाळून, रिकाम्या पोटी आणि घटाघटा घेतला जातो. त्यात आवळा, आलं, पुदिना, लिंबू, काळं मीठ पडतं, म्हणजे जिभेने इशारा द्यायच्या आतच तिचं तोंड बंद केलेलं असतं. शिवाय ‘औषध कडूच असतं’ ही आपली समजूत. नाक दाबून पेला रिकामा करणाऱ्याला आपण मोठं पथ्य पाळलं असंच वाटतं. कारल्याशी केलेली तुलना इथे फसवते. कारलं कडूच असायचं असतं आणि त्याचा कडूपणा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या द्रव्यांचा आहे. दुधीचा कडूपणा हा बिघाड आहे. दोघांचा एकत्र रस काढणं हा म्हणूनच सर्वांत वाईट बेत, कारण बिघाड ओळखायला जागाच उरत नाही. समितीनेही दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये असंच सांगितलं आहे.

आता चाखण्याची रीत. हिला मिनिटभर पुरतं, फक्त ती योग्य वेळी करायला हवी. योग्य वेळ म्हणजे दुधी चिरून पातेल्यात पडण्याआधी, मीठ-तिखट लागण्याआधी. दुधी धुऊन घ्यावा आणि देठाकडचा बोटभर तुकडा कापून बाजूला काढावा. काकडीत कडूपणा बहुधा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो, त्यामुळे दुधी चाखतानाही तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. देठाच्या बाजूची नखाएवढी पातळ चकती सोलून जिभेच्या टोकावर ठेवावी, पुढच्या दातांनी एकदोनदा चावावी आणि चारपाच सेकंद थांबावं. दुधीची नेहमीची चव फिकी, किंचित गोडसर, गवतासारखी असते. कुकुरबिटासिनचा कडूपणा तसा लपून राहत नाही, तो जिभेवर चिकटून बसतो आणि थुंकल्यावरही रेंगाळतो. फोड गिळायची नाही, थुंकून टाकायची आणि चूळ भरायची. देठाकडची फोड ठीक लागली तर मधली आणि टोकाकडचीही तशीच चाखून घ्यावी.

दोन दुधी असतील तर दोन्ही वेगवेगळे चाखायचे. ही पायरी हमखास गाळली जाते. एक चाखला, छान निघाला, म्हणून दुसरा त्याच किसात गेला, आणि हलव्याच्या साखर-खव्यात त्याचा कडूपणा बुडाला, असं सहज घडू शकतं. चाखण्याचं काम मोठ्या माणसाने करावं, लहान मुलांच्या हाती फोड देऊ नये. आजारपणामुळे किंवा औषधांमुळे ज्याच्या तोंडाची चव गेली आहे, त्याच्यावरही हे सोपवू नये. दुधी दिसायला कसा आहे यावर विसंबण्यात अर्थ नाही. कोवळा, हिरवागार, नख रुतेल असा दुधीही कडू निघू शकतो आणि रंगावरून किंवा वासावरून ते कळत नाही.

‘थोडासाच कडू आहे, गूळ घालते’ हे वाक्य या सगळ्यातलं सर्वांत धोक्याचं. एका दुधीत किती विष आहे हे घरी मोजता येत नाही, आणि एका पेल्याहून कमी रसानेही माणसं रुग्णालयात गेलेली आहेत. चाळीस-पन्नास रुपयांचा दुधी टाकताना हात अडखळतो हे खरं, पण इथे काटकसर नको.

कडू दुधी पोटात गेलाच तर त्रास बहुधा काही मिनिटांतच सुरू होतो, फार तर तासाभरात. मळमळ, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, आणि पुष्कळदा उलटीतून रक्त. दुर्बिणीने तपासलं तर जठराच्या आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तरावर जखमा दिसतात. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपू लागतं, रक्तदाब झपाट्याने खाली येतो, आणि खरा धोका त्यातच आहे. यावर उतारा म्हणावा असं औषध नाही. शिरेतून सलाईन, आम्ल कमी करणारी औषधं, गरज पडल्यास रक्तदाब सावरणारी औषधं, असे उपचार वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. म्हणून घरी लिंबू सरबत किंवा ओवा देत बसू नये. थेट रुग्णालय गाठावं आणि डॉक्टरांना ‘दुधीचा रस घेतला होता, कडू लागला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. उरलेला दुधी किंवा रस असेल तर तो सोबत न्यावा. नाहीतर अन्नातून झालेली साधी विषबाधा समजली जाते आणि खाली येणारा रक्तदाब उशिरा लक्षात येतो.

बागेबाहेरच्या गाडीवर सकाळी रस घेणाऱ्यांना तर दुधी बघायलाही मिळत नाही. तिथे रस काढण्याआधी आपल्यासमोर फोड कापून मागायला संकोच करू नये, आणि विक्रेता नाही म्हणाला तर तो पेला सोडून द्यावा. ज्यांच्या परसात किंवा गच्चीत दुधीचा वेल आहे, त्यांनी एवढं करावं: एक फळ कडू निघालं तर त्या वेलीची बाकीची फळं शेजाऱ्यांना वाटू नयेत, गुरांपुढेही टाकू नयेत. वेल उपटून टाकावा आणि त्याचं बी पुढच्या सालासाठी ठेवू नये.