गुटगुटीत, पण पांढुरकं

गालांचे गोबरे, हातापायांना वळ्या, वजन वयाच्या मानाने चांगलं. घरात कुणाला काळजी करावी असं काही वाटत नाही. एखादी मावशी सहा महिन्यांनी भेटायला येते आणि बाळाला कडेवर घेताच विचारते, "अगं, ही इतकी पांढरी का दिसतेय?" रोज डोळ्यांसमोर असलेल्या मुलाचा रंग हळूहळू उतरत गेला, तर तो घरच्यांना सहसा जाणवत नाही. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर पापणी खाली ओढून आतला रंग पाहतात, तळहात पाहतात आणि पहिला प्रश्न दुधाचा विचारतात: दिवसातून किती बाटल्या?

असं मूल बालरोगतज्ज्ञांना नवं नाही. हिशेबासाठी 20 महिन्यांची अशी एक मुलगी घेऊ. सकाळी उठल्याबरोबर एक बाटली, आंघोळीनंतर एक, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी एक आणि रात्री एक. प्रत्येक बाटली 250 मिलिलिटरची, म्हणजे दिवसाचं सव्वा लिटर दूध. त्यासोबत दोन-चार बिस्किटं आणि वरणभाताचे मोजके घास. "ती जेवतच नाही हो, म्हणून निदान दूध तरी देते," असं आई सांगते. या वाक्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. मूल जेवत नाही म्हणून दूध वाढतं, हे खरं. पण दूध वाढतं म्हणून मूल जेवत नाही, हे त्याहून खरं.

गायीच्या 100 मिलिलिटर दुधातून साधारण 65 कॅलरी मिळतात. सव्वा लिटरच्या झाल्या आठशेच्या वर. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज आयसीएमआरने सुमारे 1010 कॅलरी धरली आहे. म्हणजे या मुलीचं पोट दुधानेच भरलेलं असतं, जेवणासाठी भूक उरणार कुठून? म्हशीचं दूध असेल तर गणित आणखी बिघडतं. त्यात स्निग्धांश जास्त असल्याने तेवढ्याच दुधातून कितीतरी जास्त कॅलरी जातात आणि पोट लवकर भरतं.

आता लोहाकडे वळू. या वयाच्या मुलाला रोज सुमारे 8 मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावं अशी शिफारस आहे. गायीच्या एक लिटर दुधात लोह असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, आणि त्यातलाही सुमारे दहावा भागच आतड्यातून रक्तात जातो. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन भाजी-डाळीतलं लोह शोषू देत नाहीत. त्यामुळे घासाबरोबर दूध पाजलं, की त्या घासातल्या लोहाचा काही भागही वाया जातो. वजनाचा काटा यातलं काहीच सांगत नाही. तो कॅलरी मोजतो, लोह नाही.

आईच्या दुधातही लोह फारसं नसतं, मग अंगावर पिणाऱ्या बाळांना त्रास का होत नाही? एक तर त्या दुधातल्या लोहाचा मोठा हिस्सा शोषला जातो. दुसरं म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळ पोटात असतानाच आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं आणि तो साधारण सहा महिने पुरतो. तो संपत येतो तेव्हाच वरचं अन्न सुरू व्हायला हवं असतं. वेळेआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा साठा लवकर संपतो, म्हणून त्याला डॉक्टर आधीच लोहाचे थेंब सुरू करतात.

नेमक्या याच वळणावर अनेक घरांत वरचं दूध येतं. सहावा महिना संपला, आईची नोकरी सुरू झाली, की पाणी घातलेलं गायीचं दूध बाटलीत जातं. वर्षाच्या आत हे टाळावं, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना 1992 पासून सांगते आहे. त्याआधी तिची मर्यादा सहा महिन्यांची होती. ती बदलण्यामागे आयोवा विद्यापीठातलं संशोधन होतं. एकहार्ट झीगलर आणि सहकाऱ्यांनी 52 बाळांना साडेपाच महिन्यांच्या वयापासून दोन गटांत विभागलं. एका गटाला गायीचं दूध दिलं, दुसऱ्याला डब्याचं. गायीचं दूध घेणाऱ्या बाळांच्या शीच्या नमुन्यांपैकी आधी 3 टक्क्यांत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडत होतं. पहिल्या चार आठवड्यांत हे प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं. डब्याच्या दुधावर ते 5 टक्क्यांच्या आसपासच राहिलं. म्हणजे कोवळ्या आतड्याला गायीच्या दुधातली प्रथिनं झोंबतात आणि थेंब थेंब रक्त जात राहतं. मिळकत कमी आणि गळतीही चालू, असा दुहेरी तोटा. वाढत्या वयाबरोबर ही गळती कमी होत जाते.

दुसरी अडचण मूत्रपिंडांची. गायीच्या दुधात प्रथिनं आणि क्षार आईच्या दुधापेक्षा बरेच जास्त असतात. ते बाहेर टाकण्याचा ताण लहान मूत्रपिंडांवर पडतो, आणि जुलाब किंवा ताप आला तर बाळ लवकर सुकतं. पाणी घालून हा ताण हलका होतो खरा, पण मग कॅलरीही पातळ होतात.

याला एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. आईचं दूध मिळत नाही आणि डब्याचं दूध परवडत नाही, अशी घरं असतात. अंगावर न पिणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना डब्याचं किंवा प्राण्याचं, कोणतंही दूध चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. पण अशा वेळी लोहयुक्त अन्न किंवा लोहाचं औषध यांची जोड डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीच लागते. सहा महिन्यांनंतर भातात कालवलेलं चमचाभर दही किंवा लापशीत घातलेलं थोडं दूध यांना मात्र हरकत नसते. मनाई आहे ती मुख्य पेय म्हणून दूध पाजण्याला.

पहिला वाढदिवस झाला की उकळलेलं किंवा पाश्चराइज्ड दूध पेला भरून देता येतं. स्तनपान चालू असेल तर ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावं. तेव्हा वरचं दूध कमी पुरतं.

किती, याचं सोपं उत्तर आहे: दिवसाला 400 ते 500 मिलिलिटर, दही-ताक धरून. घरातल्या 200 मिलिलिटरच्या पेल्याने मोजलं तर दोन पेले, फार तर अडीच. अर्ध्या लिटर दुधातून सुमारे 600 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि या वयाची गरज 500 ची आहे, त्यामुळे हाडांच्या काळजीने आणखी पाजायची गरज नाही. टोरांटोमध्ये दोन ते पाच वर्षांच्या तेराशेहून जास्त मुलांवर झालेला एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दूध जितकं जास्त, तितकं ड जीवनसत्त्व वाढलेलं आणि लोहाचा साठा घटलेला दिसला. दोन्हींचा मेळ जमला तो रोजच्या दोन कपांवर.

आता पुन्हा त्या मुलीकडे. चेहऱ्याचा पांढुरकेपणा सोडला, तर ती चिडचिडी झाली आहे, लवकर दमते, भिंतीचा चुना आणि कुंडीतली माती चाटते. माती खाण्याला कृमींचा दोष देऊन घरोघरी जंताचं औषध दिलं जातं, पण लोह कमी झाल्यावरही मुलं माती, खडू, बर्फ खाऊ लागतात. डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. समजा, हिमोग्लोबिन 7.2 आलं. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची आताची मर्यादा 10.5 आहे. लाल पेशी आकाराने लहान आणि फिकट दिसतात. फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची चाचणी अगदी खाली येते. सर्दी-ताप असताना मात्र फेरिटिन फसवं, म्हणजे आहे त्याहून जास्त दिसतं. म्हणून मूल बरं असताना ती चाचणी करणं चांगलं.

उपचार दोन बाजूंनी होतात. लोहाचं औषध बहुधा दर किलो वजनामागे रोज 3 मिलिग्रॅम लोह अशा हिशेबाने दिलं जातं. 12 किलोच्या मुलीला 36 मिलिग्रॅम. ते दुधासोबत द्यायचं नाही. पाण्याबरोबर किंवा लिंबू-मोसंबीच्या रसाबरोबर दिलं तर चांगलं शोषलं जातं. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन निदान 1 ग्रॅमने वाढायला हवं. नियमित औषध देऊनही वाढलं नाही, तर थॅलेसेमिया मायनर किंवा दुसरं कारण शोधावं लागतं, कारण त्यातही पेशी लहानच असतात. आकडा नॉर्मल झाल्यावरही साठा भरण्यासाठी औषध आणखी दोन-तीन महिने चालू राहतं. इथेच बहुतेक घरं चुकतात आणि बाटली अर्धवट सोडतात. हे औषध मुलाच्या हाती लागू देऊ नये, कारण एका वेळी जास्त पोटात गेलं तर ते विषारी ठरतं.

दुसरी बाजू दुधाची. पाच बाटल्या एका दिवसात बंद केल्या तर घरात रणकंदन होईल. म्हणून आधी रात्रीची बाटली थांबवायची, मग दर चार-पाच दिवसांनी आणखी एक. उरलेलं दूध बाटलीऐवजी पेल्यातून, आणि जेवणाआधी नव्हे तर जेवणानंतर तास-दीड तासाने. पहिला आठवडा मूल रडतं, जेवणही कमीच राहतं. नंतर भूक लागायला लागते. तेव्हा ताटात मोड आलेल्या मटकीची मऊ उसळ, डाळ-पालक, लिंबू पिळलेला वरणभात असावा. मांसाहार चालत असेल तर मऊ शिजवलेलं मटण, कलेजी किंवा मासे, कारण मांसातलं लोह सर्वांत सहज शोषलं जातं. अळिवाची खीर लोहासाठी म्हणून दिली जाते, पण ती दुधात शिजवली की फायदा घटतो. आणि चहाचा घोट मुलाला मुळीच नको, चहातलं टॅनिनही लोह अडवतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या 68.9 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. त्याला दूध हे एकमेव कारण नाही. अपुरा आहार, आईचा रक्तक्षय, कृमी ही कारणं आहेतच. पण दूध हे त्यांतलं असं कारण आहे, जे घरात पैसे खर्चून विकत आणलं जातं. कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ यांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या मुलांत, तान्हेपणी लोहाची तीव्र कमतरता झालेली मुलं उपचारानंतरही शाळेच्या वयात चाचण्यांत मागे राहिली होती.

अ‍ॅनिमियामुक्त भारत मोहिमेत या वयाच्या मुलांना आशाताई आठवड्यातून दोनदा देण्यासाठी 1 मिलिलिटर मापाचं लोहाचं सिरप पोहोचवतात. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. ते प्रतिबंधासाठी आहे, आधीच झालेल्या रक्तक्षयावर पुरेसं नाही. घरात एक ते तीन वर्षांचं मूल असेल तर आजच्या दिवसात किती दूध गेलं ते मोजून कागदावर लिहा. आकडा 500 च्या बराच वर असेल आणि मूल पांढुरकं दिसत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी करून घ्या.